दोन मिनिटांची वाफ आणि पडद्यावरची वाटी

उकडीच्या मोदकांची कृती चलचित्रात बसवायला मी निघाले तेव्हा मला वाटले होते की, अवघड भाग चित्रे काढण्याचा असेल. तो तसा नव्हता. इंकस्केप आणि ब्लेंडर ही दोन्ही मोफत मिळणारी साधने मी घरीच धडपडत शिकले होते. वाटी, नारळ, गुळाचा खडा, मोदकपात्र अशी चिन्हे जमू लागली होती. तीन महिन्यांच्या कामानंतर साडेतीन मिनिटांची सुबक फिल्म तयार झाली आणि ती मी चौघांना करून पाहायला दिली: आमच्या शेजारचे नाना, जर्मनीत शिकणारा माझा भाचा, खालच्या मजल्यावरची नवी सून आणि माझे यजमान. तिघांची उकड फुटली, एकाची हाताला चिकटून राहिली. चौघांनीही फिल्म ‘फारच छान’ असल्याचे सांगितले.

नानांचे अपयश मला जास्त लागले. काकू जाऊन दोन वर्षे झाली होती. गणपती घरात बसत होता, पण मोदक दुकानातून येत होते. ‘यंदा नैवेद्य घरचा व्हावा, एवढंच आहे,’ असे ते म्हणाले होते. पाकपुस्तके त्यांच्याकडे होती, पण चष्मा, पीठभरले हात आणि मिटणारे पान यांचा मेळ त्यांना घालता येत नव्हता. म्हणून त्यांनी माझ्या फिल्मवर भरवसा ठेवला, आणि फिल्मने त्यांना तडा गेलेले अकरा मोदक दिले.

मी मूळची जुन्या मराठी पाकपुस्तकांची वाचक. त्या अकरा मोदकांमुळे मला पुस्तकातील कृती आणि पडद्यावरील कृती यांतला फरक पहिल्यापासून तपासावा लागला. प्रस्तुत लेखात तो तपास मांडला आहे. त्यात तीनच प्रश्न आहेत: माप कसे दाखवायचे, वेळ कशी दाखवायची आणि जिथे घड्याळ चालत नाही तिथे काय दाखवायचे.

ओळ राहते, चित्र जाते

लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० सालचे आणि कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० सालचे. या साठ वर्षांत शेर-तोळ्यांकडून वाटी-चमच्याकडे आपला प्रवास झाला. तिकडे अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६ साली बॉस्टनच्या पाकशाळेचे पुस्तक काढले, तेव्हा कप आणि चमचा सुरीने सपाट करून मोजण्याचा आग्रह धरला होता. या सगळ्या पुस्तकांमध्ये एक गोष्ट समान आहे, आणि ती इतकी साधी आहे की आपल्या लक्षातच येत नाही: ‘पाणी १ वाटी’ ही ओळ कागदावरून हलत नाही. तुम्ही पाणी मोजा, विसरा, पुन्हा बघा, ओळ तिथेच असते.

माझ्या पहिल्या फिल्ममध्ये ‘पाणी १ वाटी’ हे शब्द चार सेकंद दिसत होते. वाचायला चार सेकंद पुरेसे होते, हे खरे. पण स्वयंपाक करणारा माणूस पडद्याकडे बघत नसतो. तो पातेल्याकडे बघत असतो, मधूनच मान वर करतो आणि पुन्हा खाली घालतो. नानांच्या स्वयंपाकघरात मी नंतर स्टुलावर बसून मोजले, तेव्हा एका मिनिटात त्यांनी पडद्याकडे तीनदा पाहिले, आणि तेही क्षणभरच. चार सेकंदांची माझी अक्षरे त्यांच्या दोन नजरांच्या मधल्या फटीतून निसटत होती.

यातून पहिला नियम निघाला. एखाद्या पायरीचे माप ती पायरी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत पडद्याच्या एकाच कोपऱ्यात उभे राहिले पाहिजे. बाकी सगळे हलले तरी चालेल, माप हलता कामा नये. अक्षराचा आकारही याच नजरेवरून ठरतो. हातात धरून वाचताना फोन डोळ्यांपासून वीतभर-दीड वीत अंतरावर असतो, ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला की ते अंतर तिपटीच्या घरात जाते. म्हणून अक्षरही तिप्पट मोठे लागते. देवनागरीत आणखी एक अडचण आहे. लांबून १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, तसेच ५ आणि ६. तेव्हा केवळ आकड्यावर विसंबता येत नाही.

वाटी मोठी करायची नसते

इथे मला ऑटो नॉयरॅथ यांचा आधार मिळाला. १९२० च्या दशकात व्हिएन्नात त्यांनी सामान्य कामगारांना आकडेवारी कळावी म्हणून चित्रांची एक पद्धत घडवली. चित्रकार गेर्ड आर्न्ट्‌झ यांनी तिच्यासाठी चिन्हे काढली. ती पुढे आयसोटाइप या नावाने ओळखली गेली. तिचा मुख्य नियम असा की, जास्त संख्या दाखवायची तर चिन्ह मोठे करायचे नाही, तेच चिन्ह पुन्हा काढायचे. दुप्पट उंचीचा माणूस डोळ्याला दुप्पट वाटत नाही, कारण त्याची रुंदीही वाढलेली असते. दोन माणसे मात्र दोनच दिसतात.

पहिल्या फिल्ममध्ये मी खोबऱ्याची वाटी मोठी आणि गुळाची लहान काढली होती, कारण सारणाचे प्रमाण दोनास एक. दुसऱ्या खेपेला खोबऱ्याच्या दोन सारख्या वाट्या आणि गुळाची तशीच एक वाटी अशा तीन वाट्या ओळीने मांडल्या. आकडा नीट दिसला नाही तरी वाट्या मोजता येतात.

अर्ध्या वाटीचे चित्र काढताना मात्र मी फसले. निम्म्या उंचीपर्यंत वाटी रंगवली आणि समाधान मानले. पण आपली वाटी तळाशी अरुंद आणि काठाशी रुंद असते. ती अर्धगोल धरली, तर निम्म्या उंचीपर्यंत भरल्यावर तिच्यात अर्धे नव्हे, तर सुमारे ३१ टक्केच मावते. खरी अर्धी वाटी भरायला उंचीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत यावे लागते. घरच्या वाटीत पाणी ओतून, मापाच्या भांड्याने ताडून मी हे पाहिले. आमची वाटी पूर्ण अर्धगोल नाही, तिचा तळ थोडा सपाट आहे. पण निम्मी उंची म्हणजे निम्मे माप नाही, हे तिनेही दाखवले. तेव्हापासून माझ्या चित्रातली अर्धी वाटी दोन तृतीयांश उंचीपर्यंत भरलेली असते, आणि शेजारी ‘अर्धी’ हा शब्द पूर्ण अक्षरांत असतो. पाव, पाऊण, दीड, अडीच असे सुटे शब्द आपल्या भाषेत तयार आहेत. अपूर्णांकाच्या बारीक आकड्यांपेक्षा ते लांबून चटकन वाचता येतात.

तरीही उकड फुटण्याचे एक कारण वाटीच्या आत दडले होते. तांदळाची पिठी चाळून, हलक्या हाताने भरून सपाट केली, तर आमच्या २०० मिलिलिटरच्या वाटीत ती साधारण १०५ ग्रॅम भरली. तीच वाटी पिठाच्या डब्यात बुडवून उचलली, तर १३० च्या आसपास. पाणी मात्र दोन्ही वेळा वाटीभरच. म्हणजे एकास एक या एकाच प्रमाणात नाना जवळजवळ पाव हिस्सा पिठी जास्त घालत होते. माझ्या चिन्हात वाटीवर पिठाचा छान गोल डोंगर होता. नानांनी तो डोंगर प्रामाणिकपणे उभा केला. त्यात त्यांची चूक नव्हती. मग मी तो डोंगर काढून टाकला आणि आधी चाळणीतून पिठी वाटीत पडते, मग सुरी काठावरून फिरते, अशी दोन छोटी हालचालचित्रे घातली. मोजण्याची रीत हा मापाचाच भाग आहे आणि ती चित्रात दिसली पाहिजे.

चिन्हांबद्दल आणखी एकच सांगते. पदार्थ ज्या रूपात भांड्यात पडतो, त्या रूपातच त्याचे चिन्ह हवे. मी शेंडीसकट नारळ काढला होता. भाच्याने विचारले, ‘मावशी, सुकं खोबरं चालेल ना? नारळच आहे तो.’ सुक्या किसाला ओलावा नसतो, त्यामुळे त्याचे सारण भुसभुशीत झाले. शिवाय पिठी, मीठ आणि साखर ही चित्रात तिन्ही पांढऱ्या ढिगासारखीच दिसतात. त्यांना वेगळे करायचे काम भांड्यावर सोपवावे लागते: पिठी चाळणीत, मीठ चिमटीत, तूप चमच्यात. आणि प्रत्येकाखाली नाव हवेच. चित्राने शब्दाला मदत करायची असते, त्याची जागा घ्यायची नसते.

घड्याळ खोटे बोलते तेव्हा

आता वेळेकडे येऊ. उकडीत वेळेचा मुद्दा का येतो, हे आधी पाहावे लागेल. गव्हाच्या कणकेला ग्लुटेन बांधून ठेवते. तांदळात ते नसते. तांदळाच्या पिठीला लवचिकपणा येतो तो तिच्यातला स्टार्च गरम पाण्यात फुगून चिकट झाल्याने. उकळत्या पाण्यात पिठी घातली, ढवळली, तरी मधल्या गाठींपर्यंत उष्णता आणि पाणी पोचायला वेळ लागतो. म्हणून मंद आचेवर झाकण ठेवून दोन मिनिटे वाफ आणायची, मग गॅस बंद करून पाच मिनिटे तशीच मुरू द्यायची. वाफ कमी पडली की पाती वळताना कडेला तडे जातात. उलट, मुरल्यावर लगेच मळली नाही आणि उकड थंड झाली, तरी तडेच जातात.

पहिल्या फिल्ममध्ये मी ही दोन मिनिटे एका गोल घड्याळाने दाखवली होती. काटा तीन सेकंदांत गर्रकन फिरायचा आणि पुढचे दृश्य सुरू व्हायचे. बघायला ते मजेदार होते. पण स्वयंपाक करणाऱ्याचा अर्थ वेगळा लागला. पडद्यावर मळणे सुरू झाले म्हणून त्याने झाकण काढले. ‘२ मिनिटे’ हे शब्द होते, पण कृतीने शब्दांना खोडून काढले होते.

स्वयंपाकाच्या फिल्ममध्ये दोन वेळा एकत्र चालतात: पातेल्याची वेळ आणि पडद्याची वेळ. जिथे पदार्थ आपला आपण शिजत असतो तिथे या दोन वेळा तंतोतंत एक असल्या पाहिजेत. दोन मिनिटांची वाफ म्हणजे पडद्यावरही दोन मिनिटे. सेकंदाला २५ चित्रे या हिशेबाने ती ३,००० चित्रे होतात. ऐकायला हा आकडा भयंकर वाटतो, पण ती हाताने काढायची नसतात. भरलेले वर्तुळ आणि रिकामे वर्तुळ अशा दोनच अवस्था आपण द्यायच्या, मधल्या साधन स्वतः भरते.

आणि इथेच एक सापळा आहे, जो मला फार उशिरा दिसला. ब्लेंडरमध्ये दोन अवस्थांमधली हालचाल मुळात सरळ नसते. ती सावकाश सुरू होते, मध्ये वेग घेते आणि शेवटी पुन्हा सावकाश थांबते. चेंडू, पक्षी, माणूस यांना हे शोभते, कारण निसर्गात कुणी एकदम पूर्ण वेगाने निघत नाही. घड्याळाला मात्र ते शोभत नाही. दोन मिनिटांच्या वर्तुळात खरे ९० सेकंद झालेले असताना माझे वर्तुळ साधारण १०१ सेकंद झाल्याचे दाखवत होते. ३० सेकंद शिल्लक असताना नानांना १९ च शिल्लक वाटत. शेवट बरोबर वेळेवर व्हायचा, पण शेवटच्या भागात वर्तुळ रेंगाळायचे आणि अधीर हात झाकणाकडे जायचा. उपाय एका खुणेचा आहे: दोन्ही अवस्था निवडून `T` कळ दाबायची आणि `Bezier` ऐवजी `Linear` निवडायचे. खात्री करायची असेल तर पडद्याशेजारी मनगटी घड्याळ धरावे. अर्धी वेळ झाली की वर्तुळ अर्धे असतेच, सरळ नसले तरीही. म्हणून मध्यावर तपासू नये, पाव आणि पाऊण वेळेला तपासावे.

शिल्लक सेकंदांचा आकडा मी वर्तुळाच्या मध्यभागी ठेवला आणि वेळ संपताना छोटी घंटा वाजवली. पाठमोऱ्या माणसाला वर्तुळ दिसत नाही, घंटा ऐकू येते. एक्झॉस्ट पंख्याच्या घरघरीत मंद सूर हरवतो, म्हणून देवघरातल्या घंटेसारखा चढा, टणक आवाज निवडला.

पाच मिनिटे मुरण्याचे चित्र कंटाळवाणे होईल, ही भीती अनाठायी होती. त्या वेळात करायचे काम पडद्यावर येते: मोदकपात्रात पाणी तापत ठेवा, चाळणीला तूप लावा, हाताला लावायला वाटीत थोडे पाणी आणि तेल घ्या. वर्तुळ कोपऱ्यात फिरत राहते. शेवटच्या १२ मिनिटांच्या वाफेतही तसेच.

घड्याळ नसलेल्या पायऱ्या

सगळ्या पायऱ्यांना मात्र वेळ लावता येत नाही, आणि हे कबूल करायला मला सर्वांत जास्त दिवस लागले. सारण किती मिनिटे परतायचे? माझ्या कढईत नऊ मिनिटे, नानांच्या जाड बुडाच्या पितळी कढईत बारा. गुळाचा ओलेपणा, नारळाचा जूनपणा, आच, सगळेच बदलते. तिथे वर्तुळ फिरवले तर ते घड्याळ म्हणून खरे आणि सल्ला म्हणून खोटे ठरते. सारण जास्त परतले की थंड झाल्यावर ते खडखडीत होते, आणि ते मोदकात भरल्यावरच कळते.

अशा पायरीला घड्याळाऐवजी खूण द्यावी लागते. सारणाची खूण अशी: कढईत पाझरलेला रस आटतो, मिश्रण कडा सोडून मध्ये गोळा व्हायला लागते, पण अजून ओलसर चमकते. मी ‘अजून नाही’, ‘आता’ आणि ‘उशीर झाला’ अशी तीन चित्रे शेजारी शेजारी मांडली. कडेचा रस पहिल्यात दिसतो, दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात चमक गेलेली आणि कणकण सुटे झालेले. हीच तीन चित्रे सर्वांत जास्त उपयोगी पडली, असे चौघांनीही नंतर सांगितले. मळण्यालाही हीच रीत लावली. पातीची कड दुमडून पाहावी, चिरली तर ओला हात लावून आणखी मळावे.

पण खुणेच्या पायरीला फिल्म थांबायला हवी, आणि धावणारी फिल्म थांबत नाही. पीठभरल्या बोटाने थांबवायला जावे तर ओल्या हाताचा स्पर्श पडदा नीट ओळखत नाही. म्हणून मी एक सलग फिल्म करायचे सोडून दिले. सगळी कृती अकरा तुकड्यांत तोडली आणि सादरीकरणाच्या साध्या साधनात प्रत्येक तुकडा एका पानावर बसवला. तुकडा संपला की शेवटचे चित्र मापासकट तसेच उभे राहते. पुढे जायला पडद्यावर कुठेही बोटाच्या पेराने टिचकी मारली की पुरते, छोटे बटण शोधावे लागत नाही. साडेतीन मिनिटांची फिल्म गेली. तिच्या जागी जे आले त्याला किती वेळ लागेल, हे करणाऱ्याच्या हातावर ठरते.

पुन्हा परीक्षा

दुसरी आवृत्ती करून पाहताना मी एकच नियम पाळला: आपण बोलायचे नाही. बाजूला बसायचे आणि माणूस कुठे थांबतो, कुठे मागे जातो, कुठे पडद्याऐवजी आपल्याकडे बघतो, ते वहीत लिहायचे. ‘छान आहे’ या अभिप्रायातून काहीच कळत नाही, थबकलेल्या हातातून कळते. नाना दोनदा माझ्याकडे वळले. पहिल्यांदा पाणी ‘उकळले’ म्हणजे नक्की किती, हे चित्रात नव्हते: तळाशी बारीक बुडबुडे, की वर खळखळ? खळखळ हवी होती, ती घातली. दुसऱ्यांदा त्यांनी उकड हाताला भाजते म्हणून थांबू का, असे नजरेनेच विचारले. थांबू नये, आधी वाटीच्या पाठीने रगडावी, मग हात घालावा. तेही एक चित्र वाढले.

या पद्धतीच्या मर्यादा उघड आहेत. पिठी कोणत्या तांदळाची, जुन्या की नव्या, हे चिन्ह सांगू शकत नाही. जुन्या तांदळाला पाणी थोडे जास्त लागते. भाच्याच्या गावच्या आशियाई दुकानात साध्या तांदळाच्या पिठाशेजारीच चिकट तांदळाचे पीठ असते, दोन्हींचा रंग एकच. पहिल्या खेपेला हाताला चिकटलेली उकड होती ती त्याचीच. तिथे चित्राचे काम संपते आणि शब्दच लागतो. कळ्या पाडणे हे तर बोटांचे काम आहे. सात कळ्यांचे चलचित्र मी सावकाश, वरून आणि बाजूने असे दोन्ही अंगांनी दाखवले, तरी पहिले चार-पाच मोदक कुणाचेही वाकडेच होतात.

नानांनी चतुर्थीला एकवीस केले. मी गेले नव्हते. संध्याकाळी त्यांनी डबा आणून दिला. दोन फुटलेले होते आणि ते वर ठेवलेले होते. मी विचारले, ‘फुटलेले वर का ठेवलेत?’ ते म्हणाले, ‘तुला वहीत लिहायला लागतील ना.’ मी लिहिले. त्या दोघांच्या पाती कडेला जाड आणि मध्ये पातळ झाल्या होत्या. पातीच्या जाडीचे चित्र माझ्या अकरा तुकड्यांत कुठेच नाही. बाराव्याचे काम सुरू आहे.